सांगलीहून फ्रँकफर्ट : विमान कुठून पकडायचं?

सांगली, मिरज, इचलकरंजी, विटा या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं आज जर्मनीत, अमेरिकेत किंवा आखातात आहेत. वर्षा-दोन वर्षांनी आईवडील त्यांच्याकडे निघतात. व्हिसा होतो, औषधं बांधली जातात, चटण्या-लोणच्यांची पाकिटं सीलबंद होतात. पण विमान कुठून पकडायचं, हा प्रश्न बहुतेक घरांत घाईत सुटतो. मुलगा तिकडे बसून मोबाइलवर सगळ्यात स्वस्त तिकीट शोधतो आणि पाठवून देतो. त्या तिकिटावर मुंबई ते फ्रँकफर्ट असतं, हैदराबाद ते फ्रँकफर्ट असतं. सांगली ते मुंबई किंवा सांगली ते हैदराबाद त्यावर कुठेच नसतं. प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा याच न दिसणाऱ्या तुकड्यात.

सांगलीला विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा कोल्हापूरचा, उजळाईवाडीला, पन्नासेक किलोमीटरवर. तिथून छोटी विमानं मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांकडे जातात. परदेशी थेट विमान नाही. पुणे रस्त्याने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मुंबई पावणेचारशेच्या पुढे. मिरज जंक्शनवरून मुंबईला रात्रीची आणि दिवसाची अशा दोन्ही गाड्या आहेत आणि बंगळुरूलाही रात्रीचा प्रवास करून जाता येतं. म्हणजे पर्याय भरपूर आहेत. त्यातला कोणता घ्यायचा हे ठरवताना लोक भाडं पाहतात आणि विमानाचे तास पाहतात. मी म्हणतो, आधी सांधे पाहा.

सांधा म्हणजे एक वाहन सोडून दुसरं पकडायची जागा. घर ते मिरज स्टेशन हा एक, दादर ते विमानतळ हा दुसरा, एका विमानातून दुसऱ्यात जाणं हा तिसरा. प्रत्येक सांध्याला तीन प्रश्न विचारायचे. मधे किती वेळ आहे? इथे हुकलं तर पुढचं वाहन कधी आहे? आणि हुकलं तर खर्च कोणाचा? या तीन उत्तरांत बहुतेक निर्णय होऊन जातो.

एक तिकीट की दोन?

खर्च कोणाचा, हा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर तिकीट काढतानाच ठरतं.

कोल्हापूर ते मुंबई आणि मुंबई ते फ्रँकफर्ट ही दोन्ही विमानं एकाच पीएनआरखाली, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील, तर तो कंपनीच्या लेखी एकच प्रवास असतो. कोल्हापूरचं विमान उशिरा सुटलं आणि मुंबईत पुढचं विमान हुकलं, तर तुम्हाला पुढच्या उपलब्ध विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अशा तिकिटात दोन विमानांमधला वेळही विमानतळाने आणि कंपन्यांनी ठरवलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी ठेवता येत नाही. संगणक तसं तिकीट विकतच नाही.

तीच दोन विमानं वेगवेगळ्या पीएनआरवर काढली की चित्र पालटतं. कोल्हापूरचं विमान धुक्यामुळे रद्द झालं तर ती कंपनी कोल्हापूर–मुंबईचे पैसे परत करील किंवा दुसरं विमान देईल, आणि तिची जबाबदारी तिथे संपेल. फ्रँकफर्टच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही काउंटरवर आलाच नाहीत, म्हणजे ‘नो-शो’. आणि इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलेलं असेल आणि जातानाचा टप्पा तुम्ही वापरला नाही, तर बहुतेक कंपन्या येतानाचा टप्पाही रद्द करतात. एका छोट्या विमानाच्या उशिरामुळे दोन्ही बाजूंचं तिकीट हातचं जाऊ शकतं.

सामानाचाही फरक आहे. एकाच तिकिटावर बॅग कोल्हापूरला दिली की ती थेट फ्रँकफर्टला मिळू शकते. मात्र हे गृहीत धरू नका. काउंटरवर बॅगेला जी कागदी पट्टी लावतात तिच्यावरची शेवटची तीन अक्षरं वाचा. `FRA` असेल तर बॅग फ्रँकफर्टला जाणार, `BOM` असेल तर ती मुंबईत तुम्हाला पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावी लागणार. दोन वेगळ्या तिकिटांत ती उचलावी लागेल असंच धरून चाला. शिवाय देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान चालतं, परदेशी विमानात बहुधा २३ किलोची बॅग चालते. म्हणजे घरी २३ किलोची बॅग भरून निघालेल्या माणसाला वेगळ्या तिकिटावर कोल्हापुरातच वरच्या ८ किलोंचे पैसे मोजावे लागतात. वेगळं तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसत असेल, तर तो फायदा इथे बराचसा संपतो.

रेल्वे आणि विमान यांचा मात्र एक पीएनआर होतच नाही. रेल्वेच्या दोन गाड्यांचे पीएनआर जोडता येतात, पण रेल्वेचा आणि विमानाचा जोडता येत नाही. गाडी उशिरा आली म्हणून विमान हुकलं तर रेल्वे काही देणं लागते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २०१६ साली अजमेर–जम्मू गाडी सुमारे चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरला जाणारं विमान हुकलं आणि त्यांना टॅक्सी करून जावं लागलं. ग्राहक मंचाने भरपाई दिली, रेल्वे अपिलात गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, ते करता आलं नाही तर भरपाई द्यावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल महत्त्वाचा आहे. पण प्रवास २०१६ चा आणि निकाल २०२१ चा, हेही लक्षात घ्या. हक्क आहे, म्हणून त्याच्या भरवशावर सांधा घट्ट बांधू नये.

रात्रीच्या विमानाची तारीख

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. यातून होणारी चूक फार साधी आणि फार महाग असते. समजा तिकिटावर लिहिलंय, शनिवार १६ तारीख, पहाटे २ वाजून ५० मिनिटं. घरचे म्हणतात, शनिवारी विमान आहे, शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघू. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी मिरजेहून हलते आणि काही तासांत, गाडी अजून वाटेत असताना, विमान मुंबईहून उडून जातं.

शनिवारी पहाटे २.५० चं विमान म्हणजे विमानतळावर शुक्रवारी रात्री बाराच्या आत पोचणं. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी यायला सांगतात आणि काउंटर साधारण एक तास आधी, म्हणजे १.५० ला बंद होतो. म्हणून तिकीट हातात आलं की पहिलं काम हे करा : विमानाची वेळ विसरून जा आणि ‘शुक्रवार, रात्री ११.५०, विमानतळाचं दार’ एवढंच कागदावर लिहा. पुढचं सगळं नियोजन त्या ओळीपासून उलटं मागे करत यायचं.

एका प्रवासाचा हिशोब

आता हाच प्रवास पुरा मांडून पाहू. सांगलीच्या विश्रामबागेत राहणारं साठीच्या पुढचं एक जोडपं धरू. मुलगी फ्रँकफर्टला. मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरू या तिन्ही ठिकाणांहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. मुंबईहून निघायचं तर ‘शुक्रवार, रात्री ११.५०’ ही वेळ गाठायची आहे.

पहिला मार्ग महालक्ष्मी एक्सप्रेसचा. गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास मिरज, शुक्रवारी सकाळी सातच्या आसपास दादर. पुढे सोळा-सतरा तास मोकळे. हा वेळ वाया गेला असं वाटतं, पण या सांध्याची ताकद हीच आहे. गाडी चार तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही. गाडीच रद्द झाली, तर गुरुवारी रात्रीच टॅक्सी किंवा स्लीपर बस करून शुक्रवारी दुपारपर्यंत पोचता येतं. म्हणजे पहिला बेत पूर्ण फसला तरी दुसऱ्या बेताला जागा उरते. तेवढे तास घालवायला ठाण्या-डोंबिवलीचे नातेवाईक असतील तर उत्तमच, नसतील तर अंधेरीच्या बाजूला दिवसापुरती खोली घ्यावी. आंघोळ, जेवण आणि दुपारची झोप झालेली माणसं नऊ तासांच्या विमानात सुखाने बसतात. साठीनंतर खोलीच्या या खर्चाला चैन म्हणू नये.

दुसरा मार्ग कोयना एक्सप्रेसचा. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या आसपास मिरज, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दादर. तिथून टॅक्सीने तासाभरात सहारचं टर्मिनल २. मुंबईच्या भुयारी मेट्रोचं स्टेशनही आता दादरला आहे आणि ती थेट टर्मिनल २ ला जाते, पण लांब पल्ल्याच्या फलाटावरून मोठ्या बॅगा घेऊन मेट्रो स्टेशनपर्यंत चालणं साठीच्या माणसांना जड जातं. तरुणांना ती चांगली. या मार्गात एक रात्र वाचते आणि खोलीही लागत नाही. सगळं वेळेत झालं तर हाताशी तीन-साडेतीन तास उरतात. गाडी चार तास उशिरा आली तर दादरला साडेअकरा, विमानतळावर साडेबारा, काउंटर १.५० ला बंद होणार, म्हणजे चुटपुट लागेल पण विमान मिळेल. सहा तास उशीर झाला तर मात्र नाही. आणि वाटेत गाडी अडकली, तर दुसऱ्या बेताला वेळ उरत नाही. हिवाळ्यात-उन्हाळ्यात हा मार्ग ठीक आहे, पावसाळ्यात मी तो सुचवणार नाही.

इथे गाडीचा खरा स्वभाव पाहण्याची एक सोपी रीत आहे. वेळापत्रकात काय छापलंय ते सोडा. गाडीचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या रेल्वेच्या अॅपवर निघायच्या आधीचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी बघा, ती गाडी दादरला प्रत्यक्षात किती वाजता पोचली. वहीत लिहा. सरासरी काढू नका, त्यातला सगळ्यात वाईट दिवस पाहा. त्या दिवशी तुम्ही गाडीत असता तर विमान मिळालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर सांधा पक्का आहे.

तिसरा मार्ग रस्त्याचा. दारातून गाडी, बॅगा उचलण्याचा त्रास नाही, म्हणून बहुतेक घरं हाच घेतात. सांगलीहून मुंबई विमानतळाला सात ते आठ तास लागतात, पण ही वेळ खंडाळ्याचा घाट आणि मुंबईची संध्याकाळ यांच्यावर अवलंबून असते. शुक्रवारी संध्याकाळी एक्सप्रेस-वेवर मुंबईकडून पुण्याला येणारी बाजू जास्त तुंबते, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी. म्हणून रविवारी रात्रीचं विमान असेल तर सकाळी लवकर निघावं. शुक्रवारच्या आपल्या विमानासाठी सकाळी अकरापर्यंत निघालं की जेवणाचे, चहाचे थांबे आणि घाटातला तास-दीड तासाचा खोळंबा धरूनही रात्री नऊच्या आत पोचता येतं.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी नवी मुंबईचा विमानतळ हा नवा आणि खरोखर सोयीचा पर्याय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस तिथून विमानं सुटू लागली. तो पनवेलच्या बाजूला, उलव्याला आहे. घाट उतरून आलेल्या माणसाला मुंबईत शिरावंच लागत नाही, शहरातला तास-दीड तास वाचतो. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली आहे, तेव्हा दिल्ली, कोलकाता, गुवाहाटीला जाणाऱ्यांनी तो आधी तपासावा. पण तिकिटावरचं सांकेतिक नाव नीट वाचा. `BOM` म्हणजे जुना मुंबई विमानतळ, `NMI` म्हणजे नवी मुंबई. एकीकडे उतरून दुसरीकडचं विमान पकडायचं असेल तर मधे मुंबईच्या रहदारीतून तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. असं जोडतिकीट कितीही स्वस्त असलं तरी सामान घेऊन ते पेलण्यासारखं नाही. रेल्वेने येणाऱ्यांना मात्र हा विमानतळ आडबाजूला पडतो, कारण महालक्ष्मी आणि कोयना कर्जत-कल्याणवरून जातात, पनवेलवरून नाही.

जवळचा विमानतळ, लांबचा धोका

चौथा मार्ग कोल्हापूरच्या विमानाचा. सांगलीहून तास-दीड तासात उजळाईवाडी, आणि विमानाने तासाभरात मुंबई. कागदावर याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. तरीही तीन गोष्टी तपासल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

पहिली, विमानांची संख्या. मुंबईहून दिल्लीचं एक विमान रद्द झालं तर दिवसभरात डझनावारी दुसरी असतात. कोल्हापूरहून एका शहराला दिवसात एखाद-दुसरं विमान असतं, काही मार्गांवर रोजही नसतं. ते रद्द झालं की पुढचं उद्या. ‘हुकलं तर पुढचं वाहन कधी’ या प्रश्नाचं इथलं उत्तर सगळ्यात वाईट आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरले की छोट्या विमानतळावर उतरणं लवकर थांबतं, हेही त्यात मिळवा.

दुसरी, मार्गाचं आयुष्य. छोट्या शहरांची बरीच विमानं केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतून सुरू झाली. २०१७ साली या योजनेतलं पहिलं विमान उडालं. तोट्याची भरपाई म्हणून कंपनीला जी मदत मिळते, ती एका मार्गासाठी साधारण तीन वर्षं असते. मुदत संपली की पुष्कळ मार्ग बंद होतात किंवा वेळा बदलतात. परदेशी तिकीट आपण सहा-आठ महिने आधी काढतो. तेव्हा असलेलं कोल्हापूरचं विमान प्रवासाच्या दिवशी असेलच असं नाही. एकाच पीएनआरवर असाल तर कंपनी पर्याय देईल. वेगळं तिकीट असेल तर ‘विमान रद्द, पैसे परत’ असा संदेश येईल आणि बाकी सगळं तुमच्यावर.

तिसरी, मुंबईत विमान कुठे उतरतं. परदेशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. कोल्हापूरचं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर उतरलं, तर बाहेर पडून रस्त्याने टर्मिनल २ ला जायचं. अंतर थोडंच आहे, पण सामानासकट आणि रहदारीत त्याला तास धरावा.

म्हणून कोल्हापूर–मुंबई वेगळ्या तिकिटावर असेल तर ते विमान शुक्रवारी दुपारचं नको. शुक्रवारी सकाळचं असावं, म्हणजे ते रद्द झाल्याचं सकाळी कळलं की लगेच गाडी करून रात्री नऊपर्यंत मुंबई गाठता येते. विमान रद्द होऊनही रस्त्याने पोचता येईल का, ही इथली कसोटी.

हाच मार्ग एकाच पीएनआरवर मिळत असेल तर मात्र त्याला वेगळी किंमत आहे. इथे कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बंगळुरूचा विचार जरूर करावा. मुंबईहून प्रवास करणाऱ्याला हैदराबाद उलट्या दिशेला वाटतं, पण कोल्हापूरहून ते तासा-सव्वातासाचं उड्डाण आहे. शमशाबादला आणि देवनहळ्ळीला एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत शहर ओलांडावं लागत नाही, आणि दोन्ही ठिकाणांहून युरोपला आणि आखातात थेट विमानं आहेत. फक्त एक पीएनआर, आणि मधे किमान चार-पाच तास. कोल्हापूर–हैदराबाद वेगळं तिकीट असेल, तर एक दिवस आधी जाऊन हैदराबादला मुक्काम करावा. कारण तिथे विमान रद्द झालं तर रस्त्याने वेळेत पोचायची सोय नाही.

बंगळुरूला रेल्वेनेही जाता येतं. राणी चेन्नम्मा एक्सप्रेस मिरजेहून दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला पोचवते, सुमारे साडेसातशे किलोमीटर. मात्र शहरातल्या स्टेशनपासून देवनहळ्ळीचा विमानतळ पस्तीस किलोमीटर आहे आणि सकाळच्या रहदारीत त्याला दीड-दोन तास लागतात. बंगळुरूहून अमेरिकेला किंवा युरोपला मुंबईपेक्षा बरंच स्वस्त किंवा सोयीचं विमान मिळत असेल, तरच हा मार्ग घ्यावा. तिकडे नातेवाईक राहत असतील तर तो आपोआप बरा होतो.

पुण्याचं काय? सांगलीकरांना पुणे जवळचं, पण लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि तिथून परदेशी विमानं मोजक्याच ठिकाणी जातात. फ्रँकफर्टसाठी पुण्याहून निघणं म्हणजे दिल्लीला किंवा बंगळुरूला आणखी एक सांधा. दिल्लीचा सांधा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत टाळावा. पहाटेच्या दाट धुक्यात तिथे विमानं तासन्‌तास खोळंबतात. देशातल्या प्रवासाला मात्र पुणे उत्तम. कोल्हापूर–पुणे वंदे भारत २०२४ पासून सुरू आहे, पण ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. तेव्हा आधी गाडीचा वार पाहा, मग विमानाची तारीख ठरवा.

पावसाळ्याचे चार महिने

जून ते सप्टेंबर या काळात सांगलीकराने एक रात्र आधी मुंबईत असलंच पाहिजे, असं मी ठामपणे सांगतो. त्याला कारणं आहेत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते; राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्गावर चढून तो कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झालं.

यातून दिसतं की पावसात आपले सगळे मार्ग एकाच वेळी बंद पडू शकतात. रेल्वे घाटात किंवा उल्हास नदीच्या खोऱ्यात अडते, रस्ता पंचगंगेपाशी अडतो आणि कोल्हापूरचं विमान ढगांमुळे थांबतं. मुंबईत आधीच पोचलेल्या माणसाला मात्र फक्त मुंबईचा पाऊस पाहायचा असतो. कृष्णेची पातळी वाढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आयर्विन पुलापाशी पाणी चढू लागलं, की दोन दिवस आधीच निघावं. कोल्हापूरच्या बाजूने जायचा बेत असेल तर तो त्याच वेळी सोडून द्यावा.

आरक्षणाचा क्रम

विमानाचं तिकीट दहा-अकरा महिने आधी मिळतं. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं; पूर्वी ते १२० दिवस होतं. म्हणजे विमान ठरवताना रेल्वे हातात नसते. यावर उपाय एकच : विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी, रेल्वेच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजून ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायची आणि त्या दिवशी सकाळी आठला आरक्षण करायचं. ज्येष्ठांनी वय बरोबर भरावं, खालच्या बर्थसाठी त्यांचा विचार आधी होतो.

वेटिंगच्या तिकिटावर विमान बांधू नये. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागताना पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं, आणि चार्ट लागतो तेव्हा हातात थोडेच तास असतात. प्रवासाला चार दिवस उरले आणि तिकीट अजून वेटिंगवर असेल, तर त्याच दिवशी गाडीवाल्याशी बोलून ठेवा. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही तिने गेला नाहीत, तर ‘टीडीआर’ भरून पूर्ण पैसे परत मागता येतात. मात्र ती गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटण्याच्या आत तो भरायला हवा.

येताना वेगळा हिशोब

जाताना सगळी काळजी विमान हुकू नये याची असते. येताना महागडा टप्पा आधी संपतो आणि स्वस्त टप्पा उरतो. म्हणून दोन्ही वेळा एकच मार्ग असावा असं काही नाही. जाताना मुंबईहून जाणाऱ्याने येताना हैदराबाद किंवा बंगळुरूवरून कोल्हापूरला यायला हरकत नाही, फक्त भारतातला एक नियम माहीत हवा. परदेशातून आल्यावर भारतात पहिल्यांदा जिथे उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं, सामान पट्ट्यावरून घ्यावं लागतं, कस्टममधून बाहेर यावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी ते पुन्हा द्यावं लागतं. एकच तिकीट असलं तरीही. म्हणून येताना मधे चार तासांपेक्षा कमी ठेवू नयेत.

मुंबईला येणारी युरोपची विमानं बहुधा मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत रात्रीचे दोन-तीन वाजतात, आणि इथे सांगलीकर कुटुंबं सगळ्यात मोठा धोका पत्करतात. घरची गाडी आणि ड्रायव्हर आदल्या दुपारी सांगलीहून निघतो, संध्याकाळपासून विमानतळाच्या पार्किंगमध्ये थांबतो आणि रात्री तीनला परतीला लागतो. तोपर्यंत तो चौदा-पंधरा तास जागा असतो. पहाटे चार ते सहा या वेळात त्याच्या डोळ्यांवर झोप येते आणि गाडी तेव्हा एक्सप्रेस-वेवर किंवा खंबाटकीत असते. विमान हुकलं तर पैसे जातात. इथे जीव जाऊ शकतो. दोन ड्रायव्हर पाठवा. नाही तर ड्रायव्हरला मुंबईत झोपायला खोली द्या, स्वतःही विमानतळाजवळ काही तास झोपा आणि उजाडल्यावर निघा. किंवा सकाळी दादरला कोयना पकडून सुखाने मिरजेला या; ती गाडी तुम्हाला आरामात मिळते आणि उशीर झाला तरी आता काहीच हुकणार नसतं.

आपल्या जोडप्यासाठी माझा सल्ला असा. जाताना गुरुवारची महालक्ष्मी, शुक्रवारी दिवसभर मुंबईत विश्रांती आणि रात्री साडेदहालाच विमानतळ. येताना मुंबईत सकाळपर्यंत थांबून कोयना. कोल्हापूरहून एकाच पीएनआरवर हैदराबाद किंवा बंगळुरूमार्गे तिकीट मिळालं, मधे चार-पाच तास मिळाले, महिना पावसाळ्याचा नसला आणि भाड्यातला फरक परवडणारा असला, तर तेही चांगलं. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी तर अधिक चांगलं, कारण कोल्हापुरात काउंटरवर व्हीलचेअर मागितली की तीच मदत पुढच्या विमानापर्यंत आणि फ्रँकफर्टच्या दारापर्यंत चालू राहते. मुलीने तिकडून तिकीट पाठवलं, तर पैसे भरण्याआधी तिला एवढंच विचारा : हे एकच पीएनआर आहे का, आणि मधे किती तास आहेत?